दोन डोस, तीन सह्या

डायलिसिस विभागात रुग्णांना सुया घालणाऱ्या ताईंच्या स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट सोमवारी सकाळी आला. त्यात आकडा होता तीन पूर्णांक एक. पास व्हायला दहा लागत होते.

ताईंनी चष्मा पुसून तो आकडा पुन्हा वाचला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

झालं होतं असं, की महिन्यापूर्वी रुग्णालयात तपासणी पथक येऊन गेलं होतं. पथकानं सगळं पाहिलं, नळ सोडून पाहिले, कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग पाहिले, आणि जाताना एक शेरा मारला: हिपॅटायटिस बीच्या रुग्णाला हात लावणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या अंगात त्या रोगाविरुद्ध संरक्षण आहे, याचा पुरावा दिसून आला नाही. शेरा आला म्हणजे पुरावा आणणं आलं. सगळ्यांचं रक्त काढून पाठवलं. ज्यांच्या रक्तात अँटीबॉडी दहाच्या वर, ते राहिले. दहाच्या खाली अख्ख्या विभागात एकट्या ताई निघाल्या.

आणि नेमक्या ताईच त्या वेगळ्या खोलीत काम करत होत्या.

डायलिसिसच्या लांब हॉलमध्ये नऊ यंत्रं होती. दहावं यंत्र कॉरिडॉरच्या टोकाला, एका स्वतंत्र खोलीत. ज्याच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे त्याचं यंत्र वेगळं, नळ्या वेगळ्या, त्याला हात लावणारा माणूसही वेगळा, असा नियम. खोलीत एक खाट, एक बेसिन, एक स्टूल आणि मोजणीकाका. मोजणीकाका आयुष्यभर जमिनी मोजून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, सडसडीत गृहस्थ. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास ते त्या खाटेवर असत, गेली सात वर्षं. त्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला होता, म्हणजे सुया घालता याव्यात म्हणून धमनीला जोडून फुगवलेली शीर. पण ती शीर कोपराजवळ अशी वळली होती, की सुई जवळ आली की अंग चोरायची. ताईंशिवाय ती कुणाला सापडत नसे. काकांनाही ताईंशिवाय कुणी चालत नसे.

"तुम्हाला खोलीबाहेर काढायचा आदेश आहे," हेडक्लार्क म्हणाले. "आजपासून."

हेडक्लार्क हा वाईट माणूस नव्हता. त्यांना फक्त रकाने आवडत. त्यांच्या टेबलावर तीन पेनं एका रेषेत असत आणि चौथं खिशात.

"मग मी करू काय?" ताईंनी विचारलं.

"भांडार. चादरी, हातमोजे, नळ्यांची खोकी. तिथे रक्त नाही."

"आणि काकांना सुई कोण घालणार?"

हेडक्लार्कांनी यादीवर पेन फिरवलं. "अतिदक्षता विभागातला तो उंच. त्याचा आकडा आठशे साठ आहे."

त्या उंच तंत्रज्ञाला सगळे लंबू म्हणत. चाळिशीचा, शांत, हाताळणीत चोख माणूस. त्याच्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण त्यानं मोजणीकाकांची शीर पाहिली नव्हती.

मंगळवारी त्यानं ती पाहिली. पहिली सुई शिरेच्या शेजारून गेली. दुसरीही शेजारून गेली, मात्र दुसऱ्या बाजूनं. तिसऱ्या सुईला हात फुगला. चौथी लागली, पण रक्त इतकं हळू येत होतं की यंत्र दर पाच मिनिटांनी ओरडायचं. चार तासांच्या जागी काकांनी अडीच तास काढले आणि उठून बसले.

"आठशे साठ," काका लंबूला म्हणाले. "आकडा चांगला आहे तुमचा."

ताई तेव्हा भांडारात हातमोज्यांची खोकी मापाप्रमाणे लावत होत्या. त्यांना यंत्राचं ओरडणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. मध्यम मापाच्या खोक्यांत त्यांनी त्या दिवशी चार मोठी घुसडली.

बुधवारी हेडक्लार्क स्वतः भांडारात आले. त्यांच्या हातात धुळकट, कापडी पाठीचं जुनं रजिस्टर होतं.

"सापडलं," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जवळजवळ हसू होतं. "बावीस वर्षांपूर्वीचं लसीकरण. हे बघा, तुमचं नाव. पहिला डोस, सही. दुसरा डोस, सही. तिसरा डोस, सही. तीन सह्या म्हणजे तीन डोस, म्हणजे लस पूर्ण. इथे खाली लिहून द्या, 'मी तीनही डोस घेतले आहेत.' मी आजच टिपण वर पाठवतो. उद्या तुम्ही तुमच्या खोलीत."

त्यांनी खिशातलं चौथं पेन काढून ताईंच्या हातात दिलं. ते पेन ते सहसा कुणाला देत नसत.

ताईंनी रजिस्टरकडे पाहिलं. तीन सह्या त्यांच्याच होत्या, तरुण वयातल्या, शेवटच्या अक्षराला वेलांटीसारखा फराटा मारलेल्या. पहिल्या दोन सह्या खऱ्या होत्या. तिसरीही खरीच होती. डोस तेवढा खोटा होता.

"वाचून देते," त्या म्हणाल्या.

"यात वाचायचं काय आहे?"

"चष्मा घरी राहिलाय," ताई म्हणाल्या. चष्मा नाकावर होता. हेडक्लार्कांनी त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं, आणि पेन परत घेऊन गेले.

संध्याकाळी ताई घरी आल्या तेव्हा धाकटी बहीण शिवणयंत्रावर कुणाचे तरी पडदे शिवत होती. दोघी बहिणी एकत्र राहत. धाकटीचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं; आता त्या घरात दोन कॉट, एक शिवणयंत्र आणि टीव्हीच्या रिमोटवरून रोजची भांडणं एवढाच संसार होता.

"तुझं लग्न आठवतंय?" ताईंनी चप्पल काढता काढता विचारलं.

"नको आठवण काढूस. का?"

"त्याच्या आदल्या दिवशी मला तिसरा डोस होता."

यंत्र थांबलं. ताईंनी सांगितलं ते एवढंच. दुसऱ्या डोसाच्या वेळी त्यांचा दंड तीन दिवस दुखला होता, चांगला टम्म झाला होता. तिसरा डोस नेमका लग्नाच्या आदल्या दिवशी आला. लग्नात घालायला धाकटीनं ताईंसाठी स्वतः शिवलेला पोशाख होता आणि त्याच्या बाह्या अशा घट्ट, की हात सुजला असता तर बाही दंडावर अडकून बसली असती. लस देणारी सिस्टर ओळखीची. तिलाही रजिस्टर त्याच दिवशी संपवून द्यायचं होतं. "सही करून ठेव, पुढच्या आठवड्यात ये, मी टोचते," ती म्हणाली. ताईंनी सही केली. पुढच्या आठवड्यात पाहुणे होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात सिस्टरची बदली झाली. आणि मग बावीस वर्षं गेली.

"म्हणजे माझ्या बाह्यांपायी तू," धाकटी म्हणाली आणि थांबली. "आणि लग्न टिकलं तीन वर्षं."

"बाह्या छान झाल्या होत्या."

"सही करून टाक ना मग. कोण बघायला येतंय?"

खरं तर ताईंना तेच करायचं होतं. पण दुपारपासून त्यांना एक भीती होती, आणि ती नोकरीची नव्हती. सात वर्षं त्या काकांच्या रक्तात हात घालत होत्या. हातमोजे होते, काळजी होती, पण दोनदा सुई हातमोज्यातून आत येता येता राहिली होती. दोन्ही वेळा मनाशी म्हणाल्या होत्या, आपल्याला काय, आपण टोचून घेतलंय. आता तो आकडा तीनावर आला होता. सही करून खोलीत जाता आलं असतं. पण खोलीत जाऊन मग त्या काय म्हणणार होत्या, मनाशी?

गुरुवारी सकाळी त्या सरळ संसर्ग-नियंत्रणाच्या डॉक्टरबाईंकडे गेल्या. डॉक्टरबाई नव्या होत्या, तिशीतल्या, आणि त्यांना बसायला लिफ्टशेजारची खोली दिली होती. लिफ्ट वर गेली की टेबलावरचा कप थरथरायचा.

"मी तिसरा डोस घेतलाच नाही," ताई दारातूनच म्हणाल्या. "सही केली. डोस नाही."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "पहिले दोन?"

"घेतले. दुसऱ्यानं हात सुजला होता."

"बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बसा."

ताईंना वाटलं होतं काहीतरी होईल. निदान आवाज तरी चढेल. डॉक्टरबाईंनी फक्त कप टेबलाच्या कडेवरून आत सरकवला.

"ताई, तो तीनाचा आकडा म्हणजे रक्तात फिरणाऱ्या तयार अँटीबॉडी. त्या वर्षागणिक कमी होत जातात. तीनही डोस घेतलेल्या कित्येकांच्या वीस वर्षांनी दहाच्या खाली जातात. पण लस घेतल्यावर शरीरात आणखी एक गोष्ट होते. त्या अँटीबॉडी बनवायला शिकलेल्या काही पेशी मागे राहतात. बी-पेशी म्हणतात त्यांना, स्मृतिपेशी. आणि त्यांना कामाला लावणाऱ्या टी-पेशी, त्यांचीही स्मृती राहते. त्या तपासणीत दिसत नाहीत. तपासणी फक्त तयार माल मोजते."

"बावीस वर्षं त्या करतात काय?"

"काही नाही. काखेतल्या गाठींत, प्लीहेत, हाडांच्या मज्जेत बसून राहतात. काही रक्तातून फेरी मारून येतात. अधूनमधून एखादी दुभंगते, आपल्यासारखीच दुसरी मागे ठेवते. म्हणून तर संपत नाहीत."

"पक्की नोकरी दिसतेय."

"हो. पण विषाणू दिसला की तीन-चार दिवसांत उठतात. ज्यानं लसच घेतली नाही त्याच्या अंगात या विषाणूला ओळखणारी पेशी लाखांत एखादी. तीही नवखी. ती आणि तिला जुळणारी टी-पेशी एकमेकींना भेटायच्या, मग तिनं वाढायचं, मग नेम सुधारायचा. यात आठवडे जातात, आणि सुरुवातीचा मालही कच्चाच असतो. तुमच्या पेशी संख्येनं जास्त, आधीच पारखून घेतलेल्या, नेम बसलेला. आणि हा विषाणू तसा आळशी आहे. अंगात शिरल्यापासून आजार दिसायला महिना-दोन महिने घेतो, कधी त्याहून जास्त. तेवढ्यात तुमचं काम उरकलेलं असतं."

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या पेशी असतील तर."

"असतील तर," डॉक्टरबाईंनी मान्य केलं. "दोन डोसांत बऱ्याच जणांच्या तयार होतात. सगळ्यांच्या नाही. काही थोड्या लोकांच्या तर तीन डोसांनीही होत नाहीत."

"मग कळणार कसं?"

"त्यांना उठवून बघायचं. आज एक डोस देते. चौदाव्या दिवशी रक्त घेते. पेशी असतील तर आकडा शेकड्यांत जाईल. नसतील तर बहुतेक आहे तिथेच राहील, आणि मग आपण तुम्हाला नव्यासारखे पुढचे डोस देऊ. पण त्याआधी तुम्हाला नकळत लागण झालेली नाही ना, ते बघू. झाली असेल तर हा सगळा हिशेबच बदलतो."

ते रक्त लगेच काढलं. दुपारपर्यंत प्रयोगशाळेतून निरोप आला: ना विषाणू, ना कधी येऊन गेल्याची खूण. सात वर्षांत काकांच्या रक्तातलं काहीही ताईंच्या अंगात शिरलं नव्हतं. ताईंनी तो कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. जरा जास्तच वेळ धुतलं.

लस टोचून घ्यायच्या वेळी हेडक्लार्कही तिथे होते. आदेशात 'विभागात प्रवेश करणारे सर्व' असे शब्द होते, आणि ते दर महिन्याला साठा मोजायला विभागात येत. त्यांनी आयुष्यात ही लस घेतली नव्हती. आदेश त्यांनीच टाइप केलेला असल्यामुळे त्यांना त्यातून सुटता येईना.

"माझंही रक्त चौदाव्या दिवशी तपासा," ते बाही वर करत म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

"तुमच्यात चौदा दिवसांत काही दिसणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या पेशी नवख्या आहेत."

"सव्वीस वर्षं नोकरी झाली माझी. नवखा मला कुणी म्हटलं नव्हतं."

दोघांना एकाच खोक्यातली लस टोचली. ताईंनी सुई आत जाताना पाहिली, कोन चुकला नाही ना म्हणून. हेडक्लार्कांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर काही नव्हतं, पण त्यांनी ते लक्षपूर्वक पाहिलं.

तिसऱ्या सहीचं काय करायचं, हा प्रश्न हेडक्लार्कांना त्या दिवशीच कळला. ताईंनी सगळं त्यांच्या तोंडावर सांगितलं. ते बराच वेळ रजिस्टर उघडून बसले. शेवटी म्हणाले, "सही आहे. तारीख आहे. डोस नाही. याला रकाना नाही." आणि त्यांनी रजिस्टर बंद केलं, कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. सहीबद्दल ताईंना एक ठपक्याचं पत्र मिळालं. त्यातली 'बावीस वर्षे' ही अक्षरं ठळक केलेली होती.

इकडे मोजणीकाकांचं बिघडत चाललं होतं. गुरुवारी पाच सुया लागल्या. शनिवारी ते आलेच नाहीत. काकूंनी फोन करून सांगितलं, "म्हणतात, हात म्हणजे चाळणी झालीय. ताई आल्यावर येईन." सोमवारी दुपारपर्यंत त्यांच्या तोंडाला कोरड होती आणि छातीत पाणी. मंगळवारी, म्हणजे लस टोचल्याच्या पाचव्या दिवशी, काकू त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून घेऊन आल्या. ते खुर्चीत ताठ बसले होते, कारण मागे टेकलं की श्वास पुरत नव्हता.

लंबूनं दोन सुया वाया घालवल्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पाहिलं, पोटॅशियमचा आकडा पाहिला, आणि म्हणाले, "मानेत नळी टाकू. वेळ नाही."

"मानेत नाही," काका म्हणाले. एवढं म्हणायला त्यांना दोन श्वास लागले.

ताई हे सगळं कॉरिडॉरमधून ऐकत होत्या. हातात चादरींचा गठ्ठा होता. खोलीच्या दारात जमिनीवर पिवळी पट्टी होती आणि आदेश होता पट्टीच्या आत जायचं नाही. त्यांनी गठ्ठा खाली ठेवला आणि चपलांची टोकं पट्टीला टेकवून उभ्या राहिल्या.

"मला दहा मिनिटं द्या," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "मी आत येत नाही. हातही लावत नाही."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "पाच."

"लंबू, पट्टा सोड. आधी सोड. आवळल्यावर ती शीर घाबरते. आता बोटं ठेव, सुई नको. कोपराच्या घडीपासून दोन बोटं खाली. थरथर लागतेय?"

"लागतेय."

"ती खोटी. ती सगळ्यांना लागते. अंगठ्याच्या बाजूला सरक. अजून. काका, हात जरा बाहेरच्या बाजूला वळवा, मांडीवर हिशेब मांडून बसता तसा. हां. लंबू, आता?"

लंबूनं डोळे मिटले. त्याचं बोट तेवढं हलत होतं.

"इथे खोल आहे," तो म्हणाला. "मांजर गुरगुरल्यासारखं."

"तीच. आता पट्टा हलका आवळ. डाव्या अंगठ्यानं कातडी खाली ओढून धर, म्हणजे ती पळणार नाही. सुई नेहमीपेक्षा उभी. जरा अजून उभी. ढकल, थांबू नकोस. रक्त दिसलं की सुई आडवी कर आणि मग पुढे."

नळीत रक्त आलं, लाल आणि जोरात. डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ खाली केलं. दुसरी सुई लंबूनं विचारल्याशिवाय घातली. यंत्र सुरू झालं आणि ओरडलं नाही.

ताई तिथेच उभ्या राहिल्या. काकांचा श्वास हळूहळू लांब होत गेला. चौथ्या तासाला ते मागे टेकले आणि झोपले. ताईंनी चादरींचा गठ्ठा उचलला. दंड दुखत होता. तो गठ्ठ्यानं दुखत होता की लसीनं, ते त्यांना कळेना. काखेत मात्र एक गाठ लागत होती, हरभऱ्याएवढी.

"चांगलंय," डॉक्टरबाई दुसऱ्या दिवशी ती चाचपून म्हणाल्या. "आत हालचाल दिसतेय."

"उठल्या त्या?"

"एवढ्यावरून मी सही करणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाठ नव्यांनाही येते."

पुढचे दिवस ताईंनी भांडारात काढले. आता खोकी मापाप्रमाणे लावली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, तिन्ही दिवशी पट्टीच्या बाहेर स्टूल टाकून बसल्या. बोलायची गरज प्रत्येक वेळी थोडी कमी पडत गेली. घरी धाकटी रोज विचारायची, "कळलं का काही?" आणि ताई म्हणायच्या, "चौदा म्हणजे चौदा." एकदा धाकटीनं त्यांचा दंड धरून पाहिला आणि म्हणाली, "एवढीशी सूज? ही बाहीत आरामात बसली असती." मग धाकटीला हसू फुटलं, आणि ताईंनाही.

चौदाव्या दिवशी सकाळी दोघांचं रक्त घेतलं. दुपारी रिपोर्ट आले. डॉक्टरबाईंनी दोघांनाही लिफ्टशेजारच्या खोलीत बोलावलं. खुर्ची एकच होती, म्हणून कुणीच बसलं नाही.

"ताई," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अकराशे साठ."

ताईंना नीट ऐकू आलं नाही. लिफ्ट वर जात होती. "किती?"

"एक हजार एकशे साठ. तीनावरून. चौदा दिवसांत."

ताईंनी थरथरणारा कप टेबलाच्या कडेवरून आत सरकवला. 

"दोनच डोस घेतले होते मी," त्या म्हणाल्या.

"दोन डोसांत शिकल्या होत्या. बावीस वर्षं होत्या तिथेच. नव्या असत्या तर चौदा दिवसांत एवढं जमलं नसतं."

"आणि माझा?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"दोनपेक्षा कमी."

"म्हणजे नेमका किती?"

"त्याखाली यंत्र मोजत नाही."

हेडक्लार्क तडक आपल्या टेबलाकडे गेले. तासाभरात डॉक्टरबाईंच्या टेबलावर त्यांचं पत्र आलं. एकाच खोक्यातील, एकाच दिवशी, एकाच हाताने टोचलेल्या लसीने एका कर्मचाऱ्यास अकराशे साठ व दुसऱ्यास शून्य लाभ झाल्याने लस सदोष असल्याचा संशय येतो, तरी चौकशी व्हावी. डॉक्टरबाईंनी त्याच पत्राखाली दोन ओळींत उत्तर दिलं: लस ठीक आहे. दुसरा कर्मचारी या लसीला आयुष्यात प्रथमच भेटत आहे, त्यास वेळ द्यावा.

हेडक्लार्कांनी ते पत्र फाइलला लावलं. महिना झाल्यावर ते कुणी न बोलावता दुसऱ्या डोसाला आले, आणि सहाव्या महिन्यात तिसऱ्याला. प्रत्येक वेळी टोचून झाल्यावरच सही करत. शेवटी त्यांचा आकडा तीनशे दहा निघाला. तो त्यांनी तीनदा तपासला आणि मग सगळ्या विभागाला सांगितला, एकेकट्याला गाठून.

ताईंना खोलीत परत घ्यायचा आदेश मात्र रिपोर्ट आला त्याच आठवड्यात निघाला. त्यासाठी हेडक्लार्कांनी जुनं रजिस्टर कपाटातून काढलं, ताईंच्या तिसऱ्या सहीखाली लाल शाईत 'डोस बावीस वर्षांनी दिला' असं लिहिलं, आणि तारीख टाकली. डॉक्टरबाईंनी त्यांना सांगितलं होतं, की मधे कितीही काळ गेला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, अर्धवट राहिली तिथून पुढे न्यायची. हे त्यांना फार पटलं. फाइलींचंही तसंच असतं, असं ते म्हणाले.

शनिवारी सकाळी ताईंनी पिवळी पट्टी ओलांडली. बेसिनवर हात धुतले, हातमोजे चढवले, स्टूल ओढलं. मोजणीकाकांनी डावा हात पुढे केला आणि हिशेबाला बसल्यासारखा बाहेर वळवला. ताईंनी बोट ठेवलं. मांजर गुरगुरत होतं. पहिली सुई एका दमात गेली, दुसरीही. यंत्र लागलं.

काका बराच वेळ छताकडे पाहत पडले होते. मग घसा साफ करून म्हणाले, "ताई, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारा."

"त्या लंबूचा हात आता चांगला बसलाय. जरा हलका आहे हो तुमच्यापेक्षा." त्यांनी ताईंकडे पाहिलं नाही. "मंगळवारचं त्याला दिलं तर? गुरुवार-शनिवार तुम्ही."

ताईंनी यंत्रावरचा दाब पाहिला. तो बरोबर होता. तरी त्यांनी तो परत पाहिला.

"विचारते त्याला," त्या म्हणाल्या.